दिसणारे आठ आणि न दिसणारे आठशे



चातुर्मास जवळ आला की आपल्या घरांत धान्याला ऊन दिले जाते, माळे झाडले जातात आणि पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन जातो. शेवटच्या कामाबद्दल आपण फारसे बोलत नाही. तो माणूस येतो तेव्हा आपण मंदिरात किंवा माहेरी असतो. घरी परततो तेव्हा वास थोडा उतरलेला असतो, मेलेली झुरळे मोलकरणीने झाडून नेलेली असतात. वर्षाचा करार, तीन-तीन महिन्यांनी फवारणी, पावती फाइलला. किती जीव गेले, कुठे गेले, जायला हवे होते का, हे कोणी विचारत नाही.

पण त्याच माणसाने एखाद्या घरी ओट्याखाली चिकट सापळा ठेवला, म्हणजे आतून गोंद लावलेला, घरासारखा घडी घातलेला पुठ्ठा, की महिला मंडळात कुजबुज सुरू होते. "अहो, जैनाच्या घरात गोंदाला जीव चिकटवून ठेवलेत!" आमच्या मंडळातल्या एका ज्येष्ठ काकूंनी तर माझ्यासमोरच सांगितले की असल्या सापळ्यापेक्षा फवारणी बरी, निदान डोळ्यांसमोर तडफड नको. काकूंचा मान राखून मी तेव्हा गप्प बसले. लिहिताना गप्प बसणार नाही. सापळ्यावर आठ झुरळे दिसतात म्हणून तो पाप, आणि फवारणीत आठशे मरतात पण दिसत नाहीत म्हणून ती सोय, हा हिशेब मला मान्य नाही. आपल्या डोळ्यांना त्रास होत नाही एवढ्यावरून हिंसा कमी झाली असे कोणत्या शास्त्रात सांगितले आहे?

आधी हा पुठ्ठा कशासाठी असतो ते समजून घेऊ. पुष्कळ जणींना वाटते, झुरळे धरून संपवण्यासाठी. तसे नाही. गोंदाच्या पुठ्ठ्याने घरातली झुरळे संपत नाहीत. फटीत शंभर असतील तर चिकटणारी थोडी, आणि तेवढी भर मागच्या अंड्यांतून लवकरच निघते. हा पुठ्ठा मोजण्यासाठी असतो. झुरळे आहेत का, कुठे आहेत, कुठल्या जातीची आणि वयाची आहेत, आणि आपण जो उपाय केला तो लागू पडतो आहे का, एवढेच तो सांगतो. ताप आलेल्या मुलाच्या काखेत आपण थर्मामीटर ठेवतो, तसा. थर्मामीटरने ताप उतरत नाही, पण तो न लावता दर तीन महिन्यांनी मुलाला औषध पाजणाऱ्या आईला आपण काय म्हणू?

आता थर्मामीटर लावायचा कसा. झुरळ मोकळ्या जमिनीवरून फिरत नाही. त्याला अंगाला काहीतरी टेकलेले लागते, म्हणून ते भिंतीच्या कडेने, कोपऱ्यातून, पाइपाच्या आडोशाने जाते. पुठ्ठा भिंतीपासून वीतभर दूर ठेवला तर तो रिकामा राहतो आणि आपण समजतो की घर स्वच्छ आहे. तो भिंतीला अगदी टेकवून ठेवायचा, दोन्ही तोंडे भिंतीच्या दिशेत, म्हणजे कडेने चालणारे झुरळ सरळ आत जाईल. साध्या स्वयंपाकघराला पाच-सहा पुरतात: सिंकखाली, फ्रीजच्या मोटरजवळ, गॅसखालच्या ट्रॉलीच्या मागे, धान्याच्या कपाटात, मोरीत किंवा धुण्याच्या जागी. प्रत्येकावर नंबर आणि ठेवल्याची तारीख पेनाने लिहायची. पाण्याचा शिंतोडा, पीठ किंवा फोडणीचा तेलकट थर बसला की गोंद मरतो, म्हणून अशा जागी तो थोडा आत सरकवायचा. आणि मोजून तीन रात्री ठेवायचा. चौथ्या दिवशी सकाळी सगळे उचलायचे, मोजायचे, लिहायचे.

तीन रात्री हे मी मुद्दाम म्हणते. पहिल्या वेळी तीन रात्री आणि दुसऱ्या वेळी दहा रात्री ठेवले तर दोन आकड्यांची तुलनाच होत नाही. दुसरे कारण आपल्या धर्माचे आहे. काम संपलेला सापळा पडून राहिला तर तो मोजण्याचे साधन राहत नाही, नुसता मृत्यूचा खड्डा होतो. महिनोन्‌महिने सिंकखाली धूळ खात पडलेले पुठ्ठे मी आपल्याच घरांत पाहिले आहेत. त्यांच्याबद्दल काकू बोलल्या असत्या तर मी हात जोडून मान डोलावली असती.

मोजताना नुसता आकडा पुरत नाही. स्वयंपाकघरातले नेहमीचे छोटे झुरळ, ज्याला जर्मन झुरळ म्हणतात, ते दीड सेंटिमीटरच्या आत असते, तपकिरी, आणि डोक्यामागे दोन काळ्या उभ्या रेघा. त्याची पिल्ले काळपट, पाठीवर मध्ये फिकट पट्टा, अगदी लहान म्हणजे मुंगीएवढी. लालसर, मोठे, बोटभर झुरळ वेगळे. ते बहुधा गटारातून, मोरीच्या जाळीतून येते. मोठी झुरळे मोरीत दिसत असतील तर स्वयंपाकघरात औषध मारून काय मिळणार? तिथे जाळी बसवायला हवी. आणि छोट्याची बारीक पिल्ले जिथे जास्त चिकटली, त्याच्या हातभर अंतरात घरटे आहे असे समजा, कारण पिल्ले लांब जात नाहीत. पुठ्ठ्याच्या कोणत्या तोंडाशी जास्त चिकटली हे पाहिले तर ती कोणत्या बाजूने येतात तेही कळते.

माझ्या धाकट्या नणंदेच्या कोल्हापूरच्या फ्लॅटमधला हिशेब देते. वहीत लिहिलेला आहे म्हणून देता येतो. त्यांचा वर्षाचा करार होता आणि दर तीन महिन्यांनी फवारणी होत होती. तरी रात्री दिवा लावला की ओट्यावर पळापळ. माणूस नळीने सगळ्या कडा भिजवत असे, धान्याचे कपाटही, देवघराखालचा कप्पासुद्धा. गेल्या ज्येष्ठात आम्ही सहा पुठ्ठे तीन रात्री ठेवले. सिंकखाली 11 आली. फ्रीजच्या मोटरजवळ 34, त्यांतली निम्म्याहून जास्त बारीक पिल्ले. ट्रॉलीमागे 6. धुण्याच्या गॅलरीत 2, तीही मोठी, गटारातली. धान्याच्या कपाटात आणि देवघराखाली एकही नाही. एकूण 53.

म्हणजे जिथे काहीच नव्हते तिथे, धान्याशेजारी आणि देवाखाली, वर्षभर विष मारले जात होते. झुरळांशिवाय तिथे ज्या मुंग्या, कोळी, कसरी येतात त्या सगळ्यांचा बळी फुकट गेला. आणि जिथे घरटे होते, त्या फ्रीजच्या मागे, फ्रीज ओढायला जड म्हणून फवारणी कधी पोचलीच नव्हती. हे 53 जीव गेले नसते तर हे कळले नसते. मला ते 53 आनंदाने सांगायचे नाहीत, पण आदल्या चार फवारण्यांचा आकडा कोणी सांगू शकते का?

पहिले दोन आठवडे आम्ही औषध लावलेच नाही. फ्रीज ओढून मागची जाळी आणि खालचा पाण्याचा ट्रे साफ केला. भिंतीतल्या पाइपाभोवतीची फट पांढऱ्या सिमेंटने बुजवली. रात्री सिंक पुसून कोरडे ठेवायचे, भांडी पाण्यात भिजत टाकायची नाहीत, गॅलरीच्या मोरीला बारीक जाळी. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणाऱ्या आपल्या घरांना यात अवघड काही नाही. ओटा सातलाच रिकामा होतो. तो रात्रभर ओला मात्र राहतो, तिथे आपण कमी पडतो. मग त्याच सहा जागी, तेवढ्याच तीन रात्री पुन्हा पुठ्ठे ठेवले. सिंकखाली 11 चे 4 झाले, ट्रॉलीमागे 2, गॅलरीत 0. फ्रीजजवळ मात्र 29. म्हणजे तीन जागी निव्वळ स्वच्छतेने काम झाले आणि तिथे औषधाची गरज उरली नाही. हा निकाल सापळ्याशिवाय कोण देणार होते? आपण म्हणतो, आधी अहिंसक उपाय करून पाहावा. करून पाहिला हे ठीक, पण तो लागू पडला की नाही हे मोजले नाही तर दुसऱ्याच आठवड्यात एक झुरळ दिसते आणि आपण पुन्हा फोन उचलतो.

फ्रीजमागे शेवटी जेल लावावे लागले. इथे मी शब्दांचा खेळ करणार नाही. स्वयंपाक करताना, केर काढताना होते ती आरंभी हिंसा, आणि हीही त्यातच मोडते, असे कोणी म्हणाले तर मला ते पटत नाही. जाणूनबुजून लावलेले जेल हे जाणूनबुजून लावलेलेच आहे. नणंदेने त्याचे प्रायश्चित्त महाराजांना विचारून घेतले, तो तिचा विषय. मी एवढेच म्हणते की ते घरभर न लागता एका फ्रीजच्या मागे, मसुराच्या दाण्याएवढ्या दहा-बारा ठिपक्यांत लागले. आणि करारवाल्याला त्या वेळी फवारणी करू दिली नाही. नेहमीच्या फवाऱ्याच्या वासाने झुरळ त्या जागेपासून पळते आणि जेल खातच नाही. दोन्ही एकत्र केले की जेल वाया जाते आणि झुरळे शेजारच्या खोलीत पसरतात. मग स्वयंपाकघरातला पुठ्ठा रिकामा दिसतो आणि हॉलमधल्या टीव्हीमागे नवे बिऱ्हाड सुरू होते.

जेलनंतर दोन आठवड्यांनी फ्रीजजवळचा आकडा 29 वरून 6 वर आला. सगळे खूश. आणखी दोन आठवड्यांनी तोच आकडा 12. नणंदेचा फोन: "वैनी, औषध वाया गेलं की हो. सासूबाई म्हणतायत, पुन्हा फवारणीवाल्याला बोलवा." मी म्हटले, आधी चष्मा लावून पुठ्ठा बघ, बारा कसली आहेत ते सांग. अकरा मुंगीएवढी पिल्ले आणि एकच मोठे.

याच ठिकाणी बहुतेक घरे चुकतात, म्हणून थोडे थांबून सांगते. जर्मन झुरळाची मादी अंड्यांची पेटी पोटाला धरूनच हिंडते, तीत तीस-चाळीस अंडी असतात, आणि पिल्ले निघायच्या सुमारास ती पेटी टाकते. या काळात ती फटीत दडून असते, खाते अगदी थोडे, म्हणून जेल तिच्यापर्यंत उशिरा पोचते. पेटीतल्या अंड्यांना तर जेलही लागत नाही आणि फवारणीही. अंडी फुटायला तीन-चार आठवडे लागतात. म्हणून उपायानंतर महिन्याभराने बारीक पिल्लांची एक लाट येणारच. मोठी नाहीत आणि फक्त बारीक आहेत, याचा अर्थ उपाय चालू आहे, जुनी अंडी फुटली एवढेच. याउलट दोन आठवड्यांनंतरही मोठी, मधली, लहान सगळी पहिल्यासारखीच चिकटत असतील, तर जेल कोणी खाल्लेलेच नाही. जागा चुकली, जवळ दुसरे खाणे पडले, जेल सुकले किंवा त्या औषधाला ती झुरळे सरावली. तेव्हा तेच औषध दुप्पट करणे म्हणजे नुसती हिंसा वाढवणे. जागा किंवा औषध बदलावे लागते.

नणंदेने फवारणी बोलावली नाही. सुकलेले चार ठिपके बदलले, बस्स. जेलनंतर आठव्या आठवड्यात फ्रीजजवळ 1, बाकी सगळीकडे 0. पर्युषणात त्यांच्या घरी विषाचा थेंब पडला नाही. आता त्या महिन्यातून एकदा, तीन रात्री, फक्त फ्रीजजवळ आणि सिंकखाली पाहतात. करार नूतनीकरण केलेला नाही.

आता कोणी म्हणेल, एका घराचा दाखला काय सांगता. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या सरकारी घरांत असेच काहीसे मोठ्या प्रमाणावर करून पाहिले गेले आणि 2004 साली प्रसिद्ध झाले. काही घरांत दर महिन्याला नेहमीची फवारणी, काही घरांत आधी व्हॅक्यूमने झुरळे ओढून घेणे, मग खाण्यातून जाणारे औषध आणि वाढ रोखणारे औषध, आणि सोबत सापळ्यांनी मोजणी. दुसऱ्या प्रकारच्या घरांत सापळ्यांतली सरासरी घरामागे 25 च्या आसपास होती, ती चौथ्या महिन्यापर्यंत 4 च्या आसपास आली. दर महिना फवारलेल्या घरांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. म्हणजे तिथे दर महिन्याला जीव मारले जात होते आणि झुरळे काही कमी झाली नव्हती. आपला तीन महिन्यांचा करार याहून वेगळा आहे, असे कशावरून?

काकूंच्या म्हणण्यात मात्र एक गोष्ट खरी आहे, ती मी टाळणार नाही. गोंदावर चिकटलेला जीव पटकन मरत नाही. एक दिवस, दोन दिवस पाय ओढत राहतो. हे बघवत नाही, आणि बघवू नयेच. ज्यांना हे अजिबात नको त्यांच्यासाठी दुसरा मार्ग आहे, आणि माझ्या घरी मी तोच वापरते. काचेची रुंद तोंडाची बरणी घ्यायची, बाहेरून कागद गुंडाळायचा म्हणजे झुरळाला चढता येईल, आणि आतून तोंडापासून दोन-तीन बोटे खाली व्हॅसलीनचा पातळ थर लावायचा. तळाशी गूळ लावलेला पोळीचा तुकडा. रात्री भिंतीला टेकवून ठेवायची. आत उतरलेले झुरळ व्हॅसलीनवरून वर चढू शकत नाही. सकाळी मोजायचे, वय-जात पाहायची आणि दूर नेऊन सोडायचे. पाणी गाळून फडक्यातले जीव पुन्हा विहिरीत सोडणाऱ्या आजीची आपण नात आहोत, बरणी उलटी करायला लाजायचे कारण नाही. घरातले छोटे झुरळ बाहेर किती दिवस तगेल याची मात्र खात्री देता येत नाही, हेही माहीत असावे.

बरणीची पथ्ये दोन. रोज सकाळी ती पाहिलीच पाहिजे. विसरलात तर आत उपासमार होते आणि मग गोंद काय वाईट होता? आणि सुरुवात बरणीने केली तर शेवटपर्यंत बरणीनेच मोजा. बरणीत खाणे असते, पुठ्ठ्यात बहुधा नसते, त्यामुळे बरणीतले 20 आणि पुठ्ठ्यावरचे 20 सारखे नाहीत. एकदा हे आणि एकदा ते वापरले की उपाय लागू पडला की साधन बदलले, हे कळेनासे होते.

एका गोष्टीला मात्र माझ्याकडे कसलीच सूट नाही: उंदरांसाठी मिळणाऱ्या मोठ्या उघड्या गोंदाच्या फळ्या. त्या मोजण्यासाठी नसतातच. त्यांवर उंदराबरोबर पाल चिकटते, खारीचे पिल्लू चिकटते, गॅलरीत ठेवली तर चिमणी. कुणाच्या घरी पाल चिकटलेली दिसली तर ओढू नका, पाय तुटतो. खाण्याचे तेल बोटाने हळूहळू गोंदावर चोळत जा, ती सुटते. नंतर फळी दुमडून टाका. झुरळांचा पुठ्ठासुद्धा बंद घडीचा आणि अरुंद तोंडाचाच घ्या. पालीला वाव राहील असा उघडा पसरू नका.

तेव्हा ज्यांच्या घरी करार चालू आहे त्यांना माझे सांगणे असे. पुढच्या वेळी तो माणूस दारात आला की त्याला विचारा, मागच्या फवारणीआधी किती होती आणि नंतर किती राहिली? त्याच्याकडे आकडा नसेल, बहुतेकांकडे नसतो. मग त्याला त्या दिवशी परत पाठवा. तीन रात्री पुठ्ठा किंवा बरणी ठेवा. जिथे शून्य येईल तिथे त्याला हात लावू देऊ नका, धान्याचे कपाट आणि देवघर तर नाहीच. जिथे आकडा येईल तिथे आधी फडके, सिमेंट आणि जाळी, पंधरा दिवस, आणि पुन्हा मोजणी. त्यानंतरही औषधाचा निर्णय घ्यावा लागला तर तो तुम्ही घ्या, घरी थांबून, आकडा समोर ठेवून. माहेरी जाऊ नका.

काकूंनी हे वाचले तर त्यांना राग येईल, हे मला माहीत आहे. त्यांच्या घरचा फ्रीज ओढायला मी स्वतः येते. येताना दोन बरण्या आणीन, व्हॅसलीन त्यांच्याकडे असेलच.